एक ताव, आठ पृष्ठं: छापखान्यानं धर्म आणि साक्षरता कशी बदलली

प्रश्न: छापखाना आला आणि युरोपात धर्मसुधारणा झाली, असं शाळेपासून वाचत आलोय. पण तेव्हा बहुतेकांना वाचताच येत नव्हतं, मग छापील पुस्तकांनी एवढी उलथापालथ कशी केली? साक्षरता त्यामुळे वाढली का? आणि गोव्यात १५५६ मध्येच छापखाना आला होता, तर आपल्याकडे तसं काही का घडलं नाही?

उत्तर:

यातलं 'पुस्तकांनी' एवढं बाजूला काढलं तर निम्मा गुंता सुटतो. उलथापालथ केली ती एका तावात मावणाऱ्या, न शिवलेल्या, न बांधलेल्या पत्रकांनी. मी उमेदीची वर्षं छापखान्यात खिळे, म्हणजे शिशाची सुटी अक्षरं, जुळवण्यात घालवली आणि नंतर मुद्रणाचा इतिहास शिकवला, त्यामुळे मला हा विषय आधी हिशेबाच्या वहीतून दिसतो. तिथूनच सुरू करतो.

गुटेनबर्गचं बायबल १४५५ च्या सुमारास माइन्झ शहरात छापून झालं. जवळपास तेराशे मोठी पृष्ठं आणि साधारण १८० प्रती. एका तावात चार पृष्ठं, म्हणजे एका प्रतीला तीनशेवर ताव लागले, आणि सगळ्या प्रतींचे मिळून पन्नास हजारांच्या वर. शिवाय काही प्रती कागदावर नसून चामड्यावर. एवढा माल आधी विकत घ्यायचा, कामगारांना दोन-अडीच वर्षं पगार द्यायचा, आणि शेवटचा ताव छापून होईपर्यंत एक दमडीही परत येत नाही. योहान फुस्ट या सावकारानं त्याला दोनदा आठ-आठशे गुल्डन दिले होते. १४५५ मध्ये फुस्ट कोर्टात गेला आणि जिंकला. गुटेनबर्गच्या हातून धंद्याचा मोठा भाग गेला. पुढच्या पन्नास वर्षांत युरोपभर अनेक छापखाने याच रीतीनं बुडाले: जाड लॅटिन ग्रंथ काढायचा, गिऱ्हाइकं चार देशांत विखुरलेली, माल गोदामात, व्याज डोक्यावर.

मग हे छापखाने तगायचे कशावर? फुटकळ कामांवर. त्यातलं फार जुनं काम म्हणजे क्षमापत्रं, म्हणजे चर्चला पैसे देऊन पापाच्या शिक्षेत सूट मिळाल्याचा दाखला. माइन्झमध्ये १४५४ सालची छापील क्षमापत्रं निघाली, आणि ती बायबल पूर्ण व्हायच्या आधीची आहेत. आपल्या पावतीपुस्तकासारखा छापील मजकूर, नाव आणि तारीख शाईनं भरायला मोकळी जागा. ताव एका बाजूनं छापायचा, पैसे रोख. ज्या क्षमापत्रांवर पुढे जर्मन धर्मसुधारक मार्टिन ल्यूथर तुटून पडला, त्यांच्यावरच छापखान्यांची चूल पेटत होती.

आता ल्यूथरकडे येऊ. १५१७ च्या ऑक्टोबरअखेर त्यानं क्षमापत्रांविरुद्ध ९५ मुद्दे मांडले. ते लॅटिनमध्ये होते, विद्वानांच्या वादासाठी. न्युरेम्बर्ग, लाइपझिग आणि बाझल इथल्या मुद्रकांनी ते छापले, पण भाषेमुळे ते शिकलेल्या वर्तुळातच फिरले. मार्च १५१८ मध्ये न्युरेम्बर्गच्या एका मित्राला लिहिलेल्या पत्रात ल्यूथर कुरकुरतो की लोकांना शिकवायचा हा मार्ग नव्हे, आणि हे इतकं पसरेल असं वाटलं असतं तर वेगळं लिहिलं असतं. मला हे पत्र त्या ९५ मुद्द्यांपेक्षा महत्त्वाचं वाटतं, कारण लगेच त्यानं खरंच वेगळं लिहिलं. क्षमापत्रं आणि ईश्वरी कृपा या विषयावर त्यानं जर्मनमध्ये एक छोटं प्रवचन काढलं. वीस लहान परिच्छेद, सोपी वाक्यं, पंडिती अवतरणं नाहीत.

ते छापायला काय लागत होतं ते पाहा. ताव दोनदा दुमडला की चार पानं, म्हणजे आठ पृष्ठं होतात. सगळं प्रवचन त्यात बसतं. म्हणून फर्मे, अर्थात एका वेळी छापायच्या खिळ्यांच्या जुळण्या, दोनच, तावाच्या प्रत्येक बाजूला एक. कंपोझिटरला जुळणीला दोनेक दिवस पुरे. छापायला दोन माणसं: एक कातडी गोळ्यांनी खिळ्यांना शाई लावतो, दुसरा ताव ठेवून दांडा ओढतो. चांगली जोडी दिवसाला हजाराच्या आसपास छाप काढायची. हजार प्रती हव्या असतील तर एका बाजूला एक दिवस, दुसऱ्या बाजूला एक दिवस. ताव वाळले, दुमडले की माल तयार. शिवण नाही, बांधणी नाही. सोमवारी घातलेले पैसे पुढच्या आठवड्यात गल्ल्यात परत, आणि कागदाचा खर्च हजार प्रतींना हजार ताव एवढाच. चूक झाली, माल पडून राहिला, तरी धंदा बुडत नाही. मुद्रकाला याहून काय हवं?

या प्रवचनाच्या १५२० पर्यंत वीसहून अधिक आवृत्त्या निघाल्या, त्याही वेगवेगळ्या गावांत. इथली गोम लक्षात घेण्यासारखी आहे. ल्यूथरच्या विटेनबर्ग गावी छापलेल्या प्रती गाड्यांवर घालून जर्मनीभर पाठवल्या, असं फारसं झालं नाही. एखादा व्यापारी किंवा विद्यार्थी एक प्रत खिशात घालून आउग्सबुर्गला जायचा, तिथला मुद्रक तीच समोर ठेवून नव्यानं खिळे जुळवायचा आणि आपल्या गावात विकायचा. लेखकाचा हक्क वगैरे प्रकार नव्हता, आणि ल्यूथर मुद्रकांकडून पैसेही घेत नव्हता. वाहतुकीचा खर्च जवळपास शून्य, कारण प्रवास करायची ती एकच प्रत. जर्मन प्रदेश शेकडो राजे, बिशप आणि स्वतंत्र शहरांमध्ये वाटलेला असल्यामुळे एका गावात बंदी आली तरी शेजारचं गाव छापायला मोकळं असायचं.

या रीतीची किंमतही होती. नकलेवरून नक्कल निघाली की चुका वाढत जातात, आणि कुणी मध्येच स्वतःची चार वाक्यं घुसडली तरी ती ल्यूथरच्या नावावर खपतात. तो यावर चिडायचा. १५२४ मध्ये त्याच्या बायबलच्या एका भागात दोन शिक्के छापले: निशाण धरलेलं कोकरू आणि त्याचं गुलाबाचं चिन्ह. हे दिसलं तर माझ्या नजरेखालून गेलंय, असा त्याचा अर्थ. अर्थात शिक्क्याचीही नक्कल करता येतेच.

छपाईचं रूप हीसुद्धा बाब होती. विटेनबर्ग म्हणजे १५०२ मध्ये विद्यापीठ आलेलं आडगाव, आणि सुरुवातीचा मुद्रक योहान राऊ-ग्रुनेनबर्ग हा मंद आणि गबाळा. त्याच्या कामाबद्दल ल्यूथरची पत्रांमधली तक्रार मी कंपोझिटर म्हणून वाचतो तेव्हा मला त्या मुद्रकाचीच दया येते, कारण असा लेखक कुठल्याही छापखान्याला झेपणारा नव्हता. मग लाइपझिगच्या मेल्खिओर लॉटरनं आपल्या मुलाला चांगले खिळे देऊन विटेनबर्गला शाखा काढायला पाठवलं. दरबारी चित्रकार लुकास क्रानाख याच गावात राहायचा. त्यानं मुखपृष्ठासाठी लाकडी ठोकळ्यांच्या चौकटी कोरून दिल्या, आणि त्यात ल्यूथरचं नाव आणि गावाचं नाव मोठ्या अक्षरात. बाजारात दहा पत्रकं पडली असतील तर हे कोणतं, ते लांबून कळायचं. ऑगस्ट १५२० मध्ये जर्मन सरदारवर्गाला उद्देशून त्यानं लिहिलेलं पुस्तक लॉटरनं चार हजार प्रतींत काढलं आणि ते काही दिवसांत संपलं. ज्या काळात हजार प्रती म्हणजे चांगली आवृत्ती, त्या काळातला हा आकडा आहे.

विरुद्ध बाजूकडेही छापखाने होते, हे आपण विसरतो. यंत्र सुधारकांच्या बाजूचं, असं काही नव्हतं. रोमच्या, म्हणजे पोपच्या बाजूचे विद्वान बहुतेक लॅटिनमध्ये, लांबलचक आणि मुद्द्याला मुद्दा देत लिहायचे. धर्माचा वाद सामान्यांसमोर नेणं हेच त्यांना चूक वाटत होतं. परिणाम लाइपझिगमध्ये दिसतो. तिथला ड्यूक जॉर्ज कट्टर जुन्या बाजूचा, त्यानं ल्यूथरच्या लेखनावर बंदी घातली. १५२४ मध्ये तिथल्या मुद्रकांनी गाऱ्हाणं घातलं की घरदार जायची वेळ आली आहे. विटेनबर्गचा जो माल लोक मागतात तो छापायची मनाई, आणि जो माल आमच्याकडे ढिगानं पडलाय तो फुकटसुद्धा कुणी नेत नाही. हा अर्ज लिहिणाऱ्यांना धर्माशी फारसं देणंघेणं नव्हतं, त्यांना पगार भागवायचा होता. म्हणूनच तो मला पुरावा म्हणून भक्कम वाटतो.

आता वाचता न येणाऱ्यांचं काय? इतिहासकारांचा अंदाज असा की १५०० च्या सुमारास जर्मन प्रदेशात शंभरातल्या पाचेक जणांना वाचता येत असावं, आणि शहरांत हे प्रमाण बरंच जास्त, काही ठिकाणी तिसऱ्या हिश्शापर्यंत. पण आठ पृष्ठांचं पत्रक मोठ्यानं वाचून दाखवायला अर्धा तासही लागत नाही. गुत्त्यात, कारागिराच्या कामाच्या जागी, चर्चबाहेर एक जण वाचायचा आणि बाकीचे ऐकायचे. अनेक पत्रकं शेतकरी आणि पंडित यांच्या संवादाच्या रूपात लिहिली गेली, ती ऐकायला सोपी म्हणूनच. १५२१ मध्ये क्रानाखच्या ठोकळ्यांचं एक पुस्तक निघालं. त्यात डावीकडे ख्रिस्त आणि उजवीकडे पोप, अशा जोड्या. इकडे ख्रिस्त शिष्यांचे पाय धुतोय, तिकडे राजे पोपच्या पायांचं चुंबन घेताहेत. याला अक्षर ओळखायची गरज नाही. आणि गाणी होतीच. एका तावावर छापलेलं गाणं माहितीच्या चालीवर म्हटलं की कागद फाटला तरी मजकूर राहतो.

मात्र ऐकणारा काय ऐकतो, यावर कुणाचा ताबा नसतो. ल्यूथरनं 'ख्रिस्ती माणसाचं स्वातंत्र्य' म्हटलं ते आत्म्याबद्दल. दक्षिण जर्मनीतल्या शेतकऱ्यांनी ते वेठबिगारीबद्दल ऐकलं. मार्च १५२५ मध्ये मेमिंगेन इथे त्यांच्या १२ मागण्या तयार झाल्या, समासात बायबलचे दाखले देऊन: ख्रिस्तानं आपलं रक्त सांडून सगळ्यांना सोडवलंय, गुराख्यालाही आणि सरदारालाही, मग आम्ही गुलाम कसे? दोन महिन्यांत त्याच्या पंचवीस आवृत्त्या निघाल्या. म्हणजे ल्यूथरनं घडवलेला ताव त्याच्याच हाताबाहेर गेला. आधी त्यानं दोन्ही बाजूंना समजावणारं लिहिलं, आणि मग दंगली वाढल्यावर शेतकऱ्यांना ठेचा असं सांगणारी जहाल पुरवणी जोडली. मुद्रकांनी ती पुरवणी वेगळी काढून विकली. ती लोकांच्या हाती पडली तोवर मे महिन्यात फ्रांकेनहाउझेनला शेतकऱ्यांची कत्तल उडाली होती, आणि मेलेल्यांवर लाथ मारल्यासारखी ती वाचली गेली. यानंतर पत्रकांचा पूर ओसरला. सुधारकांच्या बाजूच्या राज्यकर्त्यांनाही आता परवानगीशिवाय काही छापलं जायला नको होतं.

साक्षरतेचा भाग इथून पुढचा आहे, आणि तो बराच संथ आहे. बायबलमधल्या नव्या कराराचं ल्यूथरचं भाषांतर सप्टेंबर १५२२ मध्ये निघालं, सुमारे तीन हजार प्रती, आणि डिसेंबरातच दुसरी आवृत्ती काढावी लागली. पण ते मोठ्या आकाराचं महाग पुस्तक होतं, शेतकऱ्याच्या घरात जाणारं नव्हे. १५२८ च्या सुमारास सॅक्सनीत गावोगाव तपासणी झाली, तेव्हा लोकांना आणि काही पाद्र्यांनाही साध्या प्रार्थना येत नाहीत असं दिसलं. त्यावर ल्यूथरनं १५२९ मध्ये छोटी प्रश्नोत्तरी काढली, आणि तिचे भाग आधी भिंतीवर लावायच्या तक्त्यांच्या रूपात छापले. घरच्या कर्त्यानं मुलांकडून आणि नोकरांकडून ते पाठ करून घ्यायचे. इथे छापील कागदाचा उपयोग लोकांनी स्वतः विचार करावा यासाठी नव्हता, सगळ्यांनी एकच उत्तर द्यावं यासाठी होता. 'छापखान्यानं माणसाला विचारस्वातंत्र्य दिलं' हे वाक्य मला म्हणूनच अर्धवट वाटतं. १५१८ ते १५२५ या काळाला ते लागू पडतं, १५२९ नंतर फारसं नाही.

साक्षरतेचं सगळ्यात ठळक उदाहरण स्वीडनचं. १६८६ च्या तिथल्या चर्च कायद्यानं प्रत्येकाला वाचता आलं पाहिजे असं ठरवलं. शाळा फारशा नव्हत्या, शिकवायचं घरीच. पाद्री दरवर्षी घरोघरच्यांची परीक्षा घ्यायचा आणि वहीत शेरे लिहायचा. अठराव्या शतकात तिथे बहुतेक बायका-पुरुषांना वाचता येत होतं, पण लिहिता येणारे थोडेच होते, कारण कायद्याला लिहिणं नको होतं. त्यामुळे सह्यांवरून साक्षरता मोजायची जी पद्धत इतिहासात चालते, ती अशा ठिकाणी साफ फसते. आणखी एक अडचण म्हणजे प्रश्नोत्तरी पाठ असलेलं पोर पुस्तक हातात धरून घडाघडा 'वाचतं'. म्हणून त्या वह्यांत वाचनाचा शेरा वेगळा आणि पाठांतराचा वेगळा असायचा. अशा नोंदी वापरताना दोन्ही रकाने पाहिल्याशिवाय निष्कर्ष काढू नये.

आता गोवा. तिथे १५५६ मध्ये उतरलेला छापखाना खरं तर इथिओपियाला निघाला होता, तो गोव्यातच राहिला आणि जेझुइट या कॅथलिक पंथाच्या पाद्र्यांच्या सेंट पॉल कॉलेजात लागला. १५६३ मध्ये गार्सिया द ओर्ताचा औषधी वनस्पतींवरचा ग्रंथ गोव्यातच छापला गेला. पण वरचा हिशेब इथे लावून पाहा. चढाओढ करणारे मुद्रक नाहीत, मुख्य काम चर्चच्या गरजेचं, आणि १५६० पासून धर्मन्यायालयाची नजर. एका गावात बंदी आली तर शेजारच्या गावात छापावं, असं दुसरं गावच नाही.

त्याहून मोठी अडचण खिळ्यांची. थॉमस स्टीफन्स या इंग्रज जेझुइटानं मराठीत ओवीबद्ध ख्रिस्तपुराण लिहिलं, ते १६१६ मध्ये गोव्यातच राचोल इथे छापलं, पण रोमन लिपीत. त्याला ते तसं नको होतं. १६०८ मध्ये त्यानं रोमला वरिष्ठांना लिहिलं की इथल्या भाषेत आणि इथल्याच लिपीत पुस्तकं छापावीत अशी फार वर्षांची इच्छा आहे, पण युरोपात चोवीस अक्षरांवर भागतं तिथे इथे सहाशेच्या घरात साचे लागतात, कारण प्रत्येक चिन्ह म्हणजे अख्खं अक्षर, आणि शिवाय प्रांताधिकाऱ्याचा हुकूम हवा. देवनागरीच्या केशीपुढे, म्हणजे खिळे ठेवायच्या खणांच्या पेटीपुढे, उभं राहिलेल्या कुणालाही हा आकडा फुगवलेला वाटणार नाही. काना, मात्रा, रफार, जोडाक्षरं धरली की खण संपत नाहीत. प्रत्येकासाठी पोलादाचा ठसा कोरायचा, त्यावरून तांब्यात साचा ठोकायचा आणि मग शिसं ओतायचं. विटेनबर्गच्या मुद्रकाला खिळे तयार मिळत होते. इथे पहिलं पान छापायच्या आधीच भांडवल संपलं असतं.

रोमन लिपीत छापल्यामुळे ख्रिस्तपुराण पाद्र्यांना वाचता आलं आणि चर्चमध्ये लोकांना ऐकवता आलं, पण देवनागरी किंवा मोडी वाचणाऱ्या मराठी माणसाला ते बंदच राहिलं. पुढे १६४९ आणि १६५४ मध्येही ते छापलं गेलं, पण आज त्या जुन्या छापील आवृत्तींची एकही प्रत हाती नाही. आपल्याला मिळालं ते हस्तलिखितांमधून, म्हणजे छापील ग्रंथ हातानं उतरवून घेणाऱ्यांमुळे. सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात गोव्यातली छपाई थांबली. १६८४ मध्ये स्थानिक भाषेविरुद्धच हुकूम निघाला. मग तिथे पुन्हा छापखाना चालायला १८२१ उजाडलं.

चर्चबाहेरच्या माणसानं प्रयत्न केला नाही असंही नाही. सुरतेचा व्यापारी भीमजी पारेख यानं ईस्ट इंडिया कंपनीकडे मागणी करून हेन्री हिल्स नावाचा मुद्रक मागवला. तो १६७४ मध्ये मुंबईत आला. भीमजीला आपले जुने ग्रंथ छापायचे होते. हिल्सला छापता येत होतं, पण ठसे कोरता येत नव्हते, आणि इथली अक्षरं कोरणारा कुणी सोबत आलेला नव्हता. प्रकरण तिथेच बारगळलं. मराठीचं देवनागरी खिळ्यांतलं पुस्तक निघालं ते १८०५ मध्ये, बंगालमध्ये श्रीरामपूरला, विल्यम केरीचं व्याकरण. आणि मुंबईत गणपत कृष्णाजींनी १८३१ मध्ये पंचांग छापलं ते शिळाप्रेसवर. दगडावर मजकूर हातानंच लिहायचा असल्यामुळे सहाशे साच्यांचा प्रश्नच उरला नाही. माल थोड्या पानांचा, स्वस्त, घरोघरी लागणारा आणि दरवर्षी नव्यानं विकला जाणारा होता.